कानाला गोड, लेखाला जड

लेखनाच्या कार्यशाळांत आणि संपादकांच्या गप्पांत एक सल्ला हमखास ऐकू येतो: लेख लिहून झाला की मोठ्यानं वाचा, जिथे जीभ अडखळेल तिथे दुरुस्त करा, एवढं पुरे. त्याच्या जोडीला उलटा आराखडा करा, म्हणजे लिहून झालेल्या प्रत्येक परिच्छेदासमोर तो काय सांगतो हे समासात एका वाक्यात टिपून काढा, असं कुणी सुचवलं की लगेच नाकं मुरडली जातात. हे शाळकरी आहे, कारकुनी आहे, मराठी गद्य कानावर पोसलेलं आहे, त्याला असले तक्ते कशाला, असं म्हटलं जातं. नियतकालिकांसाठी येणारे लेख वाचण्यात आणि दुरुस्त करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. हा आक्षेप मला पटत नाही, आणि त्यानं चांगल्या लेखकांचं नुकसान होतं हे मी जवळून पाहतो. म्हणून हा प्रतिवाद.

कानाच्या बाजूनं जे खरं आहे ते आधी मान्य करतो. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं. त्यामुळे 'जाऊन', 'पाहून', 'लक्षात घेऊन' अशी साखळी लांबवत नेता येते आणि डोळ्याला त्याचा त्रास होत नाही, कारण डोळा शेवटच्या क्रियापदाकडे उडी मारतो. जिभेला अशी उडी मारता येत नाही. तिला प्रत्येक शब्दावरून जावं लागतं, आणि क्रियापद येण्याआधीच श्वास संपला तर वाक्य लांबलं हे तिथल्या तिथे कळतं. पाठोपाठ तीन वाक्यं 'करण्यात येते'वर संपली तर डोळा ती निमूट वाचतो, कान मात्र तिसऱ्या वेळी कंटाळतो. शाळेत याला प्रकट वाचन म्हणत आणि त्यासाठी गुण असत. मोठेपणी आपण ते सोडून दिलं, हे वाईट झालं.

पण कानाचा पल्ला छोटा आहे. एक वाक्य आणि फार तर त्याच्या मागचं-पुढचं वाक्य एवढंच त्याच्या हातात असतं. नवव्या परिच्छेदात आपण जे वाचतोय तेच दुसऱ्या परिच्छेदात वेगळ्या शब्दांत येऊन गेलं आहे, हे कान सांगत नाही. उलट ओळखीचा विचार पुन्हा भेटला की त्याला बरं वाटतं. आणि लय साधलेली असेल तर परिच्छेद कशासाठी आला आहे हा प्रश्न त्याला पडतच नाही. लेखातले सर्वांत निरुपयोगी परिच्छेद बहुधा सर्वांत श्रवणीय असतात. लेखकाकडे सांगण्यासारखं काही नव्हतं, म्हणून त्यानं सगळी मेहनत भाषेवर घेतलेली असते.

याचा सर्वांत मोठा दाखला ज्याच्या कानाचं आजही कौतुक होतं त्या लेखकाचा आहे. ग्युस्ताव्ह फ्लोबेर वाक्यं ओरडून ओरडून म्हणून पाहत असे. 1849च्या सप्टेंबरमध्ये रुआँजवळच्या क्रोआसे इथल्या घरी त्यानं लुई बुये आणि माक्सिम द्यू काँ या दोन मित्रांना बसवून घेतलं आणि सेंट अँथनीच्या प्रलोभनावरचं आपलं नवं पुस्तक त्यांना वाचून दाखवलं. वाचन चार दिवस चाललं, रोज आठ तास. संपूर्ण वाचून होईपर्यंत मित्रांनी मत द्यायचं नाही असं ठरलं होतं. शेवटी त्यांनी सांगितलं की हे जाळून टाक आणि पुन्हा याचं नाव काढू नकोस. बत्तीस तास स्वतःच्या तोंडानं वाचूनही फ्लोबेरच्या कानाला काही खटकलं नव्हतं, कारण खटकण्यासारखं वाक्यांत नव्हतंच. दोष रचनेत होता. पुढे एका पत्रात त्यानं स्वतःच कबुली दिली की तुकडे घडवण्यात तो इतका रमला की त्यांना जोडणारा धागाच राहून गेला. त्यानंतर 'मादाम बोव्हारी' लिहिताना त्यानं प्रसंगांचे आराखडे पुन्हा पुन्हा मांडले, आणि ते कागद आज रुआँच्या ग्रंथालयात जपलेले आहेत. ओरडून वाचणं त्यानं सोडलं नाही. पण त्याच्या आधी आराखडा आला.

'मराठी गद्य कानावर पोसलेलं आहे' हा मुद्दाही तपासून पाहण्यासारखा आहे. नारदीय कीर्तन घ्या. पूर्वरंगात मूळ पद आणि त्याचं निरूपण, मध्ये नामगजर, उत्तररंगात आख्यान, आणि शेवटी पुन्हा मूळ पदाकडे. आख्यान कितीही रंगलं तरी ते मूळ पदाला कुठे भिडतं हे कीर्तनकाराला पक्कं ठाऊक असावं लागतं. तिथे बोलणं प्रवाही वाटतं ते आतला सांगाडा घट्ट असतो म्हणून. श्रोत्याच्या कानाला सांगाडा दिसत नाही, एवढ्यावरून तो नसतोच असं मानणं ही कीर्तनाबद्दलची मोठी गैरसमजूत आहे. मौखिक परंपरेचा हवाला देऊन रचनेची तपासणी टाळता येत नाही.

आता उलट्या आराखड्याकडे. त्याला कारकुनी म्हणणाऱ्यांनी तो बहुतेक वेळा चुकीच्या पद्धतीनं केलेला असतो. ते समासात मथळे लिहितात: 'इतिहास', 'पार्श्वभूमी', 'अडचणी'. मथळ्यातून काहीही कळत नाही, कारण मथळा कोणत्याही परिच्छेदाला चिकटवता येतो. समासात पूर्ण वाक्य हवं, त्यात कर्ता हवा आणि क्रियापद हवं. आणि त्याच्या शेजारी दुसरी नोंद हवी: हा परिच्छेद लेखात काम काय करतो? दावा मांडतो, पुरावा देतो, शंकेला उत्तर देतो, पुढच्या गोष्टीसाठी वाचकाला तयार करतो की नुसता दम घ्यायला जागा देतो? पहिली नोंद लिहिताच येत नसेल तर परिच्छेद रिकामा आहे. ती 'आणि'शिवाय लिहिता येत नसेल तर तिथे दोन परिच्छेद कोंबलेले आहेत. दुसरी नोंद लिहिता येत नसेल तर परिच्छेदात माहिती आहे, पण लेखाला ती नको आहे. नवखे आणि मुरलेले दोघेही सर्वांत जास्त अडतात ते या तिसऱ्या ठिकाणी.

एक मसुदा घेऊन दाखवतो. विषय आहे खानदेशातली फड पद्धत. पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांवर बंधारे घालून, कालव्यानं आणि चाऱ्यांनी पाणी फिरवून गावानं सामाईक बागायत करायची, ही ती जुनी व्यवस्था. लेखकाला म्हणायचं आहे की ही पद्धत टिकली ती दगडी बंधाऱ्यामुळे नव्हे, पाण्याची टंचाई सगळ्यांनी सारखी वाटून घेतली म्हणून. मसुद्याचे बारा परिच्छेद आहेत आणि भाषा चांगली आहे. समासातल्या नोंदी अशा निघतात. एक: पावसाळ्यात पांझरेचं पाणी बंधाऱ्यावरून कोसळतं. दोन: गाव एकोप्यानं पाणी वापरतं. तीन: खानदेशावर वेगवेगळ्या राजवटी येऊन गेल्या. चार: बंधारा नदीचं पाणी अडवून कालव्याकडे वळवतो. पाच: कालव्यातून चाऱ्या निघतात. सहा: लाभक्षेत्राचे फड पाडलेले असतात आणि एका फडात एकच पीक घेतलं जातं. सात: एक म्हातारा पाटकरी रात्री कंदील घेऊन दारं धरायला जातो. आठ: प्रत्येक शेतकऱ्याची जमीन वेगवेगळ्या फडांत विखुरलेली असते, त्यामुळे एखादा फड कोरडा ठेवला तरी तोटा एकट्याचा होत नाही. नऊ: गावाचा एकोपा हीच खरी ताकद. दहा: हंगामाच्या सुरुवातीला नदीची पूजा होते. अकरा: वरच्या अंगाला धरणं झाल्यावर नदीचा नेहमीचा प्रवाह आटला आणि पाटकऱ्याचं काम गेलं. बारा: ही पद्धत जपली पाहिजे.

हा मसुदा मोठ्यानं वाचला तर सगळ्यात खुलून येतो तो नववा परिच्छेद. एकोप्यावरची लांब, झुलती वाक्यं, शेवटी टाळी घेणारी ओळ. नुसत्या कानानं तपासणारा संपादक त्यावर खूण करून 'छान' लिहील. पण समासात पाहिलं तर दुसरा आणि नववा परिच्छेद एकच वाक्य आहेत, आणि त्या दोहोंच्या मध्ये असलेला आठवा त्या दोघांना खोटं पाडतो. आठव्याचं म्हणणं असं की एकोपा गावकऱ्यांच्या स्वभावात नव्हता, तो जमिनीच्या वाटणीत होता. ज्याचा एक तुकडा पाण्याच्या फडात आणि दुसरा कोरड्या फडात आहे, त्याला भांडण्याचं कारणच कमी उरतं. लेखाचा दावा हाच आहे. दोन आणि नऊ त्याच्यावर साखर पेरतात आणि तो मऊ करून टाकतात. ते दोन्ही जायला हवेत. कान हे कधीच सांगणार नव्हता.

आठवा परिच्छेद आठव्या जागी असणंही बरोबर नाही. लेखाचा कणा दोन-तृतीयांश अंतर चालून गेल्यावर वाचकाला भेटतो. तोपर्यंत बंधारा आणि चाऱ्या वाचताना त्याला वाटत राहतं की हा लेख बांधकामाबद्दल आहे. आठवा उचलून सहाव्याच्या पाठोपाठ आणला की चार, पाच आणि सहा हे तिन्ही त्याची तयारी ठरतात, आणि चार-पाच एकत्र करून निम्मे करता येतात. चारी कशी निघते हे वाटणीचा नियम समजण्यापुरतं हवं, त्याहून जास्त नको.

मग सातवा. उलट्या आराखड्याला नावं ठेवणारे इथे बोट ठेवतील. म्हणतील, तुमच्या तक्त्यात कंदीलवाला म्हातारा बसत नाही, तुम्ही त्याला कापणार आणि लेखातला जीव काढून घेणार. पण परीक्षा वेगळी आहे. परिच्छेद झाकून ठेवायचा आणि पुढचा लेख वाचायचा. कुठे काही कोसळतं का ते पाहायचं. सातवा झाकला की अकरावा कोसळतो. पाटकऱ्याचं काम गेलं हे वाक्य ज्याला पाटकरी भेटलेलाच नाही त्याच्यासाठी नुसती एक बातमी राहते. रात्री दारं धरणारा माणूस आधी दिसला असेल तरच प्रवाह आटणं म्हणजे काय ते कळतं. म्हणून सातवा राहतो, आणि आराखड्याच्याच आधारानं राहतो. तिसरा झाकला तर मात्र काहीही हलत नाही. राजवटींची माहिती खरी असेल, कष्टानं मिळवलेली असेल, पण तिच्यावर पुढचं एकही वाक्य उभं नाही. लेखकाला त्याचं दुःख होतं, कारण त्या परिच्छेदासाठी तो ग्रंथालयात बसलेला असतो. ते दुःख मला कळतं. तरीही वाचकाच्या वेळेपेक्षा ते मोठं मानता येत नाही.

दहावा परिच्छेद वादाचा आहे. नदीच्या पूजेनं दावा पुढे जात नाही. पण पूजेच्या दिवशी गाव एकत्र बसून कोणत्या फडाला पाणी द्यायचं ते ठरवत असेल, तर तो पुराव्याचा परिच्छेद होतो. मसुद्यात तसं लिहिलेलं नव्हतं. आराखडा इथे निकाल देत नाही, लेखकाला प्रश्न विचारतो: तुला ही पूजा का सांगावीशी वाटली? उत्तर मिळालं तर परिच्छेद नव्यानं लिहायचा. न मिळालं तर काढायचा.

आराखड्याच्या ओळींमध्ये आणखी एक खूण लिहावी, ती म्हणजे जोडशब्द. पहिल्या नोंदीपासून दुसरीकडे जाताना 'म्हणून' बसतो, 'पण' बसतो, की 'ते कसं?' असा प्रश्न येतो? दरवेळी फक्त 'तसेच' किंवा 'याशिवाय' बसत असेल, तर परिच्छेद एकमेकांवर उभे नाहीत, नुसते शेजारी ठेवलेले आहेत. ते कसेही फिरवले तरी लेख तसाच राहील. मराठी लेखांत परिच्छेदाची सुरुवात 'तसेच'नं झाली की मी पेन्सिल उचलतो. बहुतेक वेळा तो परिच्छेद लेखकाच्या टिपणवहीतून थेट आलेला असतो.

हे झाल्यावरच मोठ्यानं वाचायचं. क्रम उलटा करणारे फार मेहनत वाया घालवतात. तिसऱ्या परिच्छेदाची लय सुधारण्यात एक संध्याकाळ जाते आणि दुसऱ्या दिवशी तो परिच्छेदच निघतो. किंवा त्याहून वाईट, इतका छान जमलाय म्हणून तो काढवत नाही.

आपल्या मसुद्यात आता आठ परिच्छेद उरले आहेत, पूजेचा प्रश्न लेखकाकडे आहे. हजार-बाराशे शब्दांचा लेख शांतपणे वाचायला दहा-बारा मिनिटं लागतात. वाचन कागदावरून करावं, हातात पेन्सिल असावी, आणि मध्ये थांबून दुरुस्ती करू नये, फक्त खूण करावी. थांबलात की पुढच्या परिच्छेदाकडे जाणारा वेग तुटतो, आणि नेमका तोच तपासायचा असतो. शक्य असेल तर दुसऱ्या माणसाला वाचायला द्यावं आणि आपण ऐकावं. लेखक स्वतः वाचताना जे कागदावर नाही ते आवाजानं भरून काढतो. कुठे जोर द्यायचा हे त्याला माहीत असतं, परक्या वाचकाला नसतं. घरातल्या कुणीही वाचलं तरी चालेल, त्याला साहित्याची जाण असण्याची गरज नाही. तो कुठे अडखळतो, कुठे मागे जाऊन पुन्हा वाचतो आणि कुठे नकळत वेग वाढवतो, याकडे लक्ष द्यायचं. ही तिसरी खूण सर्वांत मोलाची. वाचणारा घाई करू लागला की त्या परिच्छेदात नवीन काही नाही.

फडाच्या मसुद्यात या वाचनानं दोन गोष्टी पकडल्या, ज्या आराखड्याला दिसणं शक्य नव्हतं. सहाव्या परिच्छेदात 'पाण्याचे वाटप करण्यात येते', 'पाळी ठरवण्यात येते', 'देखरेख ठेवण्यात येते' अशी वाक्यं होती. कानाला ती ठोकळेबाज लागली, आणि का लागली ते शोधताना कळलं की तिथून माणसंच गायब आहेत. वाटप कोण करतं? पाटकरी करतो. देखरेख हवालदार ठेवतो, पीक जागल्या राखतो. कर्ते परत आणल्यावर वाक्यं सुटली, आणि सातव्या परिच्छेदातल्या म्हाताऱ्यासाठी जागाही तयार झाली. दुसरी गोष्ट पहिल्या परिच्छेदानंतरची. तिसरा काढल्यावर कोसळणाऱ्या पाण्यावरून लेख थेट बंधाऱ्याच्या कामावर आला आणि वाचणारी व्यक्ती तिथे थबकली. काढलेल्या परिच्छेदात 'हा बंधारा कोणत्याही सरकारनं सांभाळला नाही, गावानं सांभाळला' अशा अर्थाचं एक वाक्य होतं. तेवढं परत घेतलं. परिच्छेद गेला, त्यातलं एक वाक्य त्याच्या कामानिशी राहिलं. आराखड्याच्या निकालावर कानाला असा दाद मागण्याचा हक्क जरूर असावा.

ललित लेखनाला हे लागू नाही, असा शेवटचा बचाव असतो. ललित लेख दावा मांडत नाही, तो भटकतो, त्याला हिशेब विचारू नये. यातलं अर्धं बरोबर आहे. ललित लेखाच्या समासात 'पुरावा' आणि 'शंकेचं उत्तर' अशा नोंदी निघणार नाहीत. पण 'आजीचा आवाज इथे पहिल्यांदा ऐकू येतो' ही नोंद निघेल, 'घर रिकामं झाल्याची जाणीव इथे होते' ही निघेल. भटकणाऱ्या लेखातही प्रत्येक परिच्छेदानं वाचकाला आधी तो नव्हता अशा ठिकाणी नेलं पाहिजे. आठवणींच्या लेखात सलग चार परिच्छेदांसमोर 'ते दिवस छान होते' एवढंच लिहिता येत असेल, तर वाचक एकाच जागी उभा आहे. ललित म्हणून त्याला सवलत मिळू नये. उलट अशा लेखात भाषेचा मोह जास्त, म्हणून तपासणीची गरजही जास्त.

उलट्या आराखड्याचीही एक खरी मर्यादा आहे, आणि तिचा उल्लेख त्याचे विरोधक करत नाहीत याचं मला नवल वाटतं. लेखक नोंद लिहिताना परिच्छेदात जे आहे ते न लिहिता जे असावं असं त्याच्या मनात होतं ते लिहितो. आठव्या परिच्छेदात वाटणीची गोष्ट अर्धवटच सांगितलेली असते, पण नोंद मात्र ठसठशीत उतरते. यावर उपाय दोन. मसुदा काही दिवस बाजूला ठेवून मग नोंदी कराव्यात. आणि नोंद केल्यावर तिचा आधार असलेलं वाक्य परिच्छेदात अधोरेखित करावं. असं वाक्य सापडलं नाही तर ती नोंद तुमच्या डोक्यातली आहे, कागदावरची नव्हे. दुसऱ्या कुणाकडून नोंदी करून घेता आल्या तर फारच उत्तम. तुमच्या आणि त्याच्या नोंदी जिथे जुळत नाहीत, तो परिच्छेद पुन्हा लिहावा लागेल.

दिवाळी अंकांसाठी लेख मागवले जातात तेव्हा शब्दमर्यादा कळवली जाते, मुदत कळवली जाते, मानधनाचंही कधी कधी कळवलं जातं. मसुद्याचं काय करून पाठवा, हे कुणी कळवत नाही. संपादकांना माझी विनंती आहे की यंदा ते कळवा. आणि लेखकांना विनंती आहे की लेख पाठवण्याआधी समासात नोंदी करा, ज्याची नोंद होत नाही तो परिच्छेद काढा, आणि उरलेला लेख घरातल्या कुणाकडून तरी एकदा मोठ्यानं वाचून घ्या.